जाहिरातीचे हजार रुपये आणि फरसाणाचे पासष्ट किलो

बारावी कॉमर्सला आणि पुढे बी.कॉम.ला संख्याशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो. जाहिरातीचा खर्च आणि विक्री यांचे काही महिन्यांचे आकडे दिलेले असतात. सहसंबंध गुणांक काढा, रिग्रेशनची रेषा मांडा आणि अमुक खर्च केला तर विक्री किती होईल ते सांगा, असं विचारलेलं असतं. मुलं सूत्रात आकडे घालतात, उत्तर आणतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. आलेल्या उत्तराच्या जोरावर एखाद्याने खरोखर खिशातले पैसे घालावेत का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. तेच विचारून पाहू.

तालुक्याच्या गावातले एक फरसाणवाले घ्या. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मी ठरवून घेतले आहेत. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत त्यांनी भिंतीवरच्या जाहिराती, हँडबिलं आणि लोकल केबल यांवर अनुक्रमे १०, १२, १४, १६ आणि १८ हजार रुपये खर्च केले. त्या महिन्यांत फरसाण खपलं ६, ९, ८, १० आणि १२ क्विंटल. खर्चाची सरासरी १४ हजार, विक्रीची ९ क्विंटल.

आता प्रत्येक महिना आपल्या सरासरीपासून किती लांब आहे ते पाहायचं. जूनमध्ये खर्च सरासरीपेक्षा ४ ने कमी आणि विक्री ३ ने कमी, म्हणून गुणाकार १२. ऑक्टोबरमध्ये दोन्ही तितक्याच जास्त, पुन्हा १२. पाचही महिन्यांचे असे गुणाकार मिळवले की २६ येतात. खर्चाच्या फरकांचे वर्ग मिळवले तर ४०, विक्रीच्या फरकांचे २०. सगळा खेळ या तीन आकड्यांवर चालतो.

२६ ला ४० ने भागलं की रेषेचा चढ मिळतो, ०.६५. म्हणजे अंदाजित विक्री = ९ + ०.६५ × (जाहिरात − १४). तेच २६ घेऊन ४० गुणिले २० च्या वर्गमुळाने भागलं की सहसंबंध गुणांक मिळतो, सुमारे ०.९२. दोन्ही आकडे एकाच २६ मधून निघालेले असले, तरी ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि बहुतेक घोळ इथेच होतो.

चढाला एकक असतं. ०.६५ याचा अर्थ असा, की जाहिरातीवर एक हजार रुपये जास्त खर्च झालेल्या महिन्यात सरासरीने ०.६५ क्विंटल, म्हणजे ६५ किलो फरसाण जास्त खपलं. हीच विक्री किलोत मोजली तर चढ ६५ होईल. जाहिरात हजारांऐवजी रुपयांत मांडली तर तो ०.०६५ होईल. धंदा तोच, महिने तेच, तरी आकडा हजारपटीने बदलला. म्हणून चढ मोठा दिसला की संबंध घट्ट, हे म्हणणं चूक आहे, आणि एकक न लिहिता चढाचा अर्थ सांगणं अर्धवट आहे. गुणांकाला एकक नसतं. किलो असो वा क्विंटल, तो ०.९२ च राहतो. ठिपके रेषेच्या किती जवळ आहेत, एवढंच तो सांगतो. एक हजार रुपयांनी किती माल हलेल, याबद्दल तो काही बोलत नाही.

०.९२ म्हणजे ९२ टक्के खात्री असाही अर्थ नाही. टक्क्यांत बोलायचंच असेल तर गुणांकाचा वर्ग घ्यावा, ०.८४५. विक्रीच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २० होती. रेषा मांडल्यावर अंदाज आणि खरी विक्री यांत जे अंतर उरतं, त्याच्या वर्गांची बेरीज फक्त ३.१ येते. म्हणजे विक्रीतल्या चढउताराचा सुमारे साडेचौऱ्याऐंशी टक्के भाग या रेषेने टिपला.

फरसाणवाल्यांना गुणांकापेक्षा चढ जास्त कामाचा. समजा किलोमागे खर्च वजा जाता ४० रुपये सुटतात. ६५ किलोंचे झाले २,६०० रुपये. हजार घालून सव्वीसशे येत असतील तर जाहिरात वाढवावीच. चढ २५ किलोंवर आला तर मात्र हजार घालून हजारच परत येतात. त्यामुळे तो ६५ कितपत भरवशाचा, यावर सगळं अवलंबून आहे.

त्याआधी परीक्षेतला दुसरा नेहमीचा प्रश्न पाहू, कारण तिथे पुस्तकी उत्तर आणि दुकानातलं उत्तर वेगळं पडतं. प्रश्न असा : विक्रीचं लक्ष्य ११ क्विंटल असेल तर जाहिरातीवर किती खर्च करावा? इथे दुसरी रेषा वापरायला शिकवतात, विक्रीवरून जाहिरातीचा अंदाज देणारी. तिचा चढ २६ भागिले २०, म्हणजे १.३. उत्तर येतं १४ + १.३ × २, म्हणजे १६,६०० रुपये. परीक्षेत हेच लिहावं, गुण याचेच मिळतात. दोन्ही चढांचा गुणाकार करून पडताळाही घेता येतो. ०.६५ गुणिले १.३ म्हणजे ०.८४५, गुणांकाचा वर्ग. हा गुणाकार कधीच १ च्या वर जात नाही आणि दोन्ही चढांची चिन्हं एकच असतात. तसं आलं नाही तर गणितात कुठेतरी चूक आहे.

आता ते १६,६०० पहिल्या रेषेत घालून पाहा. विक्री येते १०.६९ क्विंटल. लक्ष्य होतं ११. तीस-एक किलो कमीच पडले. पहिल्याच रेषेतून उलटं मोजलं तर ११ क्विंटलसाठी सुमारे १७,१०० रुपये लागतात. हा फरक हिशेबातल्या चुकीचा नाही. दुसरी रेषा सांगते की ज्या महिन्यांत विक्री ११ क्विंटल होती, त्या महिन्यांत जाहिरातीचा खर्च सरासरीने किती होता. फरसाणवाल्यांना विचारायचं असतं की आपण किती खर्च केला म्हणजे विक्री सरासरीने ११ वर जाईल. खर्च त्यांच्या हातात आहे, विक्री नाही. म्हणून दुकान चालवणाऱ्याने पहिलीच रेषा धरावी आणि तिच्यातून उलट मोजावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाठ्यपुस्तकांनी या प्रश्नाची भाषा बदलून ‘विक्री ११ क्विंटल असलेल्या महिन्यातल्या जाहिरात खर्चाचा अंदाज काढा’ अशी केली, तर मुलांच्या डोक्यात योग्य चित्र बसेल.

रेषा दोन का निघतात, याचं मूळ फ्रान्सिस गाल्टनच्या कामात आहे. १८८६ साली त्याने इंग्लंडमधल्या २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीची माहिती मांडली. आईवडील सरासरीपेक्षा जितके उंच, त्याच्या सुमारे दोन तृतीयांशच उंची मुलांत उतरते असं त्याला दिसलं. मुलांपासून सुरुवात करून आईवडिलांकडे गेलं तरी ते पुन्हा सरासरीकडेच सरकलेले सापडतात. संबंध पूर्ण नसेल तर अंदाज सरासरीकडे ओढला जातो, आणि कोणत्या बाजूने अंदाज करता त्यानुसार ती ओढ वेगळ्या दिशेने लागते. गुणांक नेमका १ किंवा उणे १ असेल तेव्हाच दोन रेषा एक होतात.

आता त्या ६५ किलोंकडे. महिन्यांची नावं पुन्हा वाचा. पहिला महिना जून. पेरणीचे दिवस, गावात बी-बियाणं आणि खतांवर पैसा गेलेला, फरसाणाला गिऱ्हाईक कमी. शेवटचा ऑक्टोबर, आणि त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच आली असं धरा. दिवाळीला फरसाण जाहिरातीशिवायही खपतं, आणि फरसाणवाले जाहिरातही दिवाळीलाच वाढवतात. खर्च आणि विक्री दोन्ही सणाबरोबर वर गेले आणि आकडेमोडीने सगळं श्रेय जाहिरातीच्या नावावर मांडलं.

हे दोन टोकाचे महिने हाताने झाकून जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर एवढंच पाहा. खर्च १२, १४, १६; विक्री ९, ८, १०. पुन्हा तेच गणित केलं तर चढ येतो ०.२५ आणि गुणांक ०.५. पासष्टचे पंचवीस किलो झाले, म्हणजे हजार घालून हजार परत. तीन महिन्यांवरून खरा चढ २५ आहे असं म्हणता येणार नाही. पण सगळी रेषा जून आणि ऑक्टोबर या दोन ठिपक्यांनी ओढून धरली होती, एवढं यातून कळतं. टोकाच्या ठिपक्यांना रेषेवर सर्वात जास्त जोर असतो. १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने चार छोटे आकडेसंच प्रसिद्ध केले. चौघांचा गुणांक ०.८२ आणि रेषाही जवळपास एकच, पण ठिपके कागदावर मांडले की चार चित्रं पूर्ण वेगळी. त्यांपैकी एकात तर एकाच ठिपक्याने सगळा चढ तयार केलेला आहे. म्हणून सूत्राआधी आलेख काढावा. पाच ठिपक्यांना दोन मिनिटं पुरतात.

रेषेला माहितीबाहेर ताणलं तर काय होतं, तेही याच उदाहरणात दिसतं. जाहिरात शून्य धरली तर अंदाज येतो उणे ०.१ क्विंटल, म्हणजे उणे दहा किलो फरसाण. तसं काही नसतं. दहा हजारांच्या खालचा एकही महिना आपण पाहिलेला नाही, म्हणून रेषेला तिथलं काही ठाऊक नाही. चाळीस हजार घातले तर २५.९ क्विंटल खपतील, हे उत्तरही त्याच जातीचं. फक्त ते उणे नाही म्हणून खटकत नाही, आणि त्यामुळे जास्त धोक्याचं आहे. तालुक्याच्या गावात माणसं तेवढीच आणि कढईही तेवढीच.

माहितीच्या आतला प्रश्न घेऊ. १७ हजार खर्च केले तर? ९ + ०.६५ × ३, म्हणजे १०.९५ क्विंटल. परीक्षेचं उत्तर इथे संपतं. पण जुलैमध्ये रेषा १.३ क्विंटलने चुकली होती आणि ऑगस्टमध्ये १ ने. ही नेहमीची चूक आणि माहितीचा तुटपुंजेपणा धरून ९५ टक्क्यांची मर्यादा काढली, तर १७ हजारांच्या महिन्यातली विक्री साधारण ७.१ ते १४.८ क्विंटलच्या दरम्यान कुठेही असू शकते. गुणांक ०.९२ असतानाही! कारण महिने फक्त पाच आहेत. साडेदहा-अकरा क्विंटलच्या भरवशावर बेसन आणि तेल भरणाऱ्याला हा पल्ला सांगायलाच हवा.

वहीत मागच्या दोन-तीन वर्षांचे महिने सापडत असतील तर ते काढा. ऑक्टोबर ऑक्टोबरशी ताडून पाहा, जून जूनशी, आणि दिवाळी कोणत्या महिन्यात पडली त्याची नोंद शेजारी ठेवा. जमलं तर एखाद्या साध्या महिन्यात, सण नसताना, मुद्दाम चार हजार जास्त खर्च करून पाहा आणि एखाद्यात कमी. त्यानंतर जो चढ येईल, त्यावर बेसनाची ऑर्डर द्या.