एकाच जागी खिळलेली नजर

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून उत्तरेला सरकत होतं, तेव्हा इन्सॅट-३डीआर त्याच्यावर नजर ठेवून होता. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किमी उंचीवर, ७४ अंश पूर्व रेखांशावर असतो. म्हणजे आपल्या साताऱ्याच्याच रेषेत! पृथ्वीच्याच वेगाने फिरत असल्यामुळे तो आपल्याला जागचा हलत नाही असं वाटतं, आणि दर अर्ध्या तासाला त्याच समुद्राचा फोटो मिळतो.

लागोपाठच्या तीन फोटोंत ढगाचा एखादा पुंजका किती सरकला ते मोजलं की तिथल्या वाऱ्याचा वेग आणि दिशा कळते. फक्त ८०० किमी उंचीवरून पृथ्वीभोवती फिरणारा एकटा उपग्रह हे कसं करणार? तो काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. अर्थात, बारकावे मात्र त्यालाच जास्त दिसतात. इन्सॅटच्या इन्फ्रारेड फोटोतला एक ठिपका म्हणजे तब्बल चार किलोमीटर.