तिसऱ्या थेंबातली रवाळी

माझ्या संग्रहात एका काचपट्टीचे छायाचित्र आहे. तिच्यावर एकाच व्यक्तीच्या रक्ताचे तीन थेंब निरनिराळ्या द्रवांत मिसळले आहेत. निळसर द्रव अँटी-ए, पिवळा अँटी-बी आणि बिनरंगी अँटी-डी. पहिल्या थेंबात तांबडे, ठळक पुंजके असून भोवतालचा द्रव स्वच्छ आहे. दुसरा थेंब एकसारखा तांबूस, गुळगुळीत. म्हणजे रक्त ए गटाचे. हे पुंजके रक्त गोठल्याचे नव्हेत. द्रवातली प्रतिद्रव्ये तांबड्या पेशींवरच्या प्रतिजनांना पकडून पेशी एकमेकींना जोडतात, त्यातून ते होतात.

अडचण तिसऱ्या थेंबाची. तिथे पुंजके नाहीत, पण थेंब गुळगुळीतही नाही. कणीदार तुपासारखी बारीक रवाळी दिसते. घाईने पाहणारा ‘ए पॉझिटिव्ह’ लिहून मोकळा होईल.

मी आधी रवाळी कुठे आहे ते पाहतो. नुसत्या कडेला असेल तर थेंब वाळू लागला असावा. म्हणूनच काचपट्टी हलवत साधारण दोन मिनिटांच्या आत निकाल वाचायचा असतो, आणि छायाचित्र नेमके कधी काढले हे त्यावर लिहिलेले नसते. या छायाचित्रात रवाळी मध्यभागीही आहे. मग चौथा थेंब हवा, ज्यात तेच रक्त प्रतिद्रव्य नसलेल्या द्रवात मिसळलेले असते. तिथेही कण दिसले तर पेशी आपसूकच चिकटत आहेत आणि सगळेच वाचन रद्द होते. इथे चौथा थेंब घेतलेलाच नाही.

तो घेतला असता आणि गुळगुळीत निघाला असता, तरी दोन शक्यता उरतात. एक, पेशींवर डी प्रतिजन आहे, पण विरळ. याला ‘वीक डी’ म्हणतात. दुसरी, रक्त दोन प्रकारच्या पेशींचे मिश्रण आहे, उदाहरणार्थ नुकतेच दुसऱ्याचे रक्त चढवलेले असणे. मिश्रणात काही पेशी पुंजक्यांत आणि बाकीच्या मोकळ्या दिसतात. हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली कळतो, छायाचित्रात क्वचितच. वीक डीची खात्री परीक्षानळीत ३७ अंश सेल्सियसला पेशी ठेवून, मग कूम्ब्स चाचणीने करतात.

एवढा खटाटोप कशासाठी? ही व्यक्ती रक्तदाता असेल तर वीक डीलाही ‘पॉझिटिव्ह’च म्हणायचे, कारण विरळ प्रतिजनही निगेटिव्ह रुग्णाच्या शरीरात प्रतिद्रव्ये जागवू शकतो. तीच व्यक्ती रक्त घेणारी तरुण स्त्री असेल, तर उलगडा होईपर्यंत तिला निगेटिव्ह धरून निगेटिव्ह रक्त देणे सुरक्षित. अन्यथा तिच्या रक्तात अँटी-डी तयार झाले, तर पुढच्या गरोदरपणात पॉझिटिव्ह गर्भाच्या पेशी ते फोडू शकते.

म्हणून या छायाचित्राखाली मी एवढेच लिहिले: ‘ए गट, डी अनिश्चित, नळीत पुन्हा तपासावा.’