उरलेल्या स्वेटरची 31 मार्चची किंमत

थंडी सरली की कापड दुकानदाराच्या माळ्यावर स्वेटरचे गठ्ठे चढतात. सप्टेंबरात लुधियानाहून आलेला माल, त्यातला बराच डिसेंबर-जानेवारीत गेला, उरलेला आता थेट पुढच्या नोव्हेंबरात उघडायचा. मध्येच 31 मार्च येतो आणि शिल्लक मालाचा आकडा द्यावा लागतो. बहुतेक दुकानांत तो खरेदीच्या भावानेच दिला जातो. माझ्या मते वर्षअखेरच्या हिशेबात सर्वांत जास्त गफलत इथेच होते, कारण न झालेला नफा कागदावर दिसतो आणि त्यावर करही भरला जातो.

नियम अकरावी-बारावीला वाणिज्य शिकलेल्यांना आठवत असेल: खरेदी किंमत आणि बाजारभाव, यांपैकी जे कमी असेल ते. यातल्या ‘बाजारभावा’चा नेमका अर्थ म्हणजे निव्वळ वसुली मूल्य. नेहमीच्या धंद्यात माल ज्या भावाला जाईल असा अंदाज आहे, त्यातून तो विकण्यासाठी होणारा खर्च वजा केला की दुकानदाराच्या हाती उरणारी ही रक्कम. लुधियानाचा व्यापारी आज तोच स्वेटर कितीला देतो, हा प्रश्न इथे नसतो.

एका दुकानाचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. फॅन्सी स्वेटरचे 80 नग उरले. भाड्यासह पडता भाव नगाला 620 रुपये, म्हणजे एकूण 49,600. यंदाची नक्षी पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही, म्हणून सेलमध्ये 525 रुपये लावायचे ठरले. त्यात 5 टक्के जीएसटीचे 25 रुपये आहेत. ते सरकारचे, म्हणून आधी बाजूला काढायचे. उरले 500. विक्रेत्याचे कमिशन आणि पिशवी मिळून 20 रुपये गेले की हाती येतात 480. नगामागे 140 रुपयांचा तोटा, 80 नगांचा 11,200.

शेजारच्याच फळीवर शाळेचे निळे स्वेटर आहेत, 50 नग, पडता भाव 310. शाळा गणवेश बदलत नाही तोवर ते पुढच्या हिवाळ्यातही पूर्ण भावाने जातील. खर्च आणि कर वजा जाता 385 हाती येतील. तरी ते 310 लाच धरायचे, कारण विक्रीआधी नफा मोजत नाहीत.

इथे एक मोह आवरावा लागतो. दोन्ही प्रकार एकत्र केले, तर निळ्या स्वेटरवरचा न झालेला 3,750 रुपयांचा नफा फॅन्सीच्या तोट्यातून वजा होतो आणि तोटा 7,450 च दिसतो. म्हणून तुलना प्रकारवार करायची. हंगाम संपला म्हणून सगळाच माल उतरवायचा, असेही नाही. 31 मार्चला रेनकोट उरलेले असले, तरी दोन-सव्वादोन महिन्यांत पाऊस येतो. चांगल्या रेनकोटला तोटा लावण्याचे कारण नाही. चिकटलेल्या, रंग उडालेल्या नगांना आहे.

अंदाज खरा होता का, हे एप्रिलच्या बिलांतून कळते. 525 लावलेले स्वेटर एप्रिलात 420 ला गेले, तर मार्चचा भाव बहुधा जास्तच धरला होता. ताळेबंद अजून पक्का झाला नसेल, तर तो सुधारावा. ही बिले, सेलची भावपाटी आणि नगांची यादी फाइलला लावून ठेवावी. ऑडिटर पहिल्यांदा तेच मागतो.

आता नोंद. शिल्लक माल वर्षअखेरीला मोजूनच हिशेबात घेत असाल, तर फॅन्सीचे 38,400 आणि शाळेचे 15,500 मिळून 53,900 धरायचे:

शिल्लक माल खाते नावे 53,900
व्यापार खाते जमा 53,900

तोटा ढोबळ नफ्यातून आपोआप उतरतो. पण टॅलीत नगवार साठा ठेवला असेल, तर तिथे 65,100 ची खरेदी किंमत तशीच दिसते. मग जर्नल नोंद लागते:

मालाच्या मूल्यघटीचा तोटा खाते नावे 11,200
मालाच्या मूल्यघटीची तरतूद खाते जमा 11,200

ताळेबंदात ही तरतूद मालातून वजा करून दाखवतात. दोन्ही वाटा एकदम धरल्या की तोटा दोनदा बसतो. ढोबळ नफ्याचे प्रमाण एकाएकी घसरलेले दिसले, तर आधी हेच तपासावे.

भाव उतरवलेला माल विक्रीलाच असतो. तो रद्द करून फेकून दिला, तर मात्र खरेदीवर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते.

तरतूद केली की ती पुढच्या वर्षी विसरायची नाही. त्यातले 30 फॅन्सी स्वेटर विकले गेले, तर त्यांच्या वाट्याची 4,200 ची तरतूद त्याच वेळी उलट फिरवायची: तरतूद खाते नावे, तोटा खाते जमा. उरलेल्या 50 नगांचा भाव 31 मार्चला पुन्हा नव्याने काढायचा.