नऊची कसोटी

४७२५ला नऊने भाग जातो का? अंकांची बेरीज १८, म्हणजे जातो. शाळेत ही कसोटी पाठ करून घेतात, कारण मात्र क्वचितच सांगतात.

हजार म्हणजे ९९९ अधिक १, शंभर म्हणजे ९९ अधिक १, दहा म्हणजे ९ अधिक १. म्हणून

४७२५ = (४×९९९ + ७×९९ + २×९) + (४+७+२+५)

पहिला कंस नऊच्या पटीतच असतो. त्यामुळे नऊने भागल्यावर संख्येची आणि अंकांच्या बेरजेची बाकी एकच येते. एक शून्य असेल तर दुसरीही शून्यच. संख्या कितीही अंकी असो, १०, १००, १०००मधून एक वजा केला की नुसते नऊच उरतात, त्यामुळे सिद्धता तीच.

हिशेब तपासताना मात्र जपून: ४७२५ऐवजी ४७५२ लिहिलं तर बेरीज तीच राहते आणि चूक निसटते.