बारा मिनिटांत सात स्लाइड

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक समोर आणि हातात प्रश्नोत्तरांसकट बारा मिनिटं. अनेक गटांची पहिली पाच मिनिटं प्रस्तावना आणि आधीच्या संशोधनाचा आढावा यांतच सरतात. वर्षभर राबून मिळवलेला निकाल मग शेवटच्या मिनिटात घाईघाईने उरकावा लागतो.

म्हणून आखणी निकालापासून उलटी करावी. समजा, चौघांनी जमिनीचा ओलावा मोजून ठिबकचा पंप आपोआप चालू-बंद करणारं यंत्र बनवलं आहे. प्रश्नांसाठी तीन मिनिटं राखली, की बोलायला नऊ उरतात. त्यांतली अडीच मिनिटं निकालाला द्यावीत आणि त्याआधीचं सगळं साडेपाच मिनिटांत बसवावं: शीर्षक अर्धा मिनिट, शेतकऱ्याची अडचण एक, उद्दिष्ट अर्धा, यंत्राची आकृती दीड आणि चाचणीची पद्धत दोन मिनिटं. शेवटचं एक मिनिट मर्यादांसाठी. अशा सात स्लाइड होतात.

यांतली चाचणीची स्लाइड बहुतेक जण गाळतात आणि परीक्षक नेमके तिथेच अडवतात: सेन्सरचा आकडा बरोबर कशावरून? तिथे एकच नमुना सोडवून दाखवावा. ओली माती 60 ग्रॅम भरली. ती 105 अंश सेल्सिअसच्या भट्टीत 24 तास ठेवल्यावर 50 ग्रॅम उरली. म्हणजे पाणी 10 ग्रॅम आणि कोरड्या मातीच्या तुलनेत ओलावा 20 टक्के. त्याच मातीत सेन्सरने काय दाखवलं, ते शेजारी लिहावं. अशा अनेक नमुन्यांचा आलेख ही पुढची, निकालाची स्लाइड. तिच्या माथ्यावर नुसतं ‘निकाल’ न लिहिता सेन्सर आणि भट्टी यांच्या आकड्यांत जास्तीत जास्त किती फरक पडला, ते एका वाक्यात लिहावं.

मर्यादाही तितक्याच नेमक्या हव्यात. काळी माती वाळताना आकसते, तिला भेगा पडतात. सेन्सरभोवती हवेची पोकळी झाली, की तो माती आहे त्याहून कोरडी दाखवतो आणि पंप विनाकारण सुरू होतो. हे गटाने स्वतःहून सांगितलं, तर पुढची चर्चा त्यावरच्या उपायाकडे वळते.

प्रत्यक्ष यंत्र चालवून दाखवताना वाय-फाय रुसलं, तर दोन मिनिटं सहज जातात. त्यापेक्षा आकृतीच्या स्लाइडमध्येच तीस सेकंदांचा व्हिडिओ ठेवावा आणि यंत्र टेबलावर असू द्यावं. चौघांनी आळीपाळीने प्रत्येक स्लाइडवर बोलण्याऐवजी प्रत्येकाने सलग भाग घ्यावा, म्हणजे माइक तीनदाच हात बदलतो.

सराव मोबाइलवर घड्याळ लावून, मोठ्याने करावा. निकालाची स्लाइड साडेपाच मिनिटांनंतर आली, तर अडचण आणि आकृती यांतला मजकूर कमी करावा; बोलण्याचा वेग वाढवू नये. सर्किट, खर्च, कोड आणि संशोधनाचा आढावा सातव्या स्लाइडच्या मागे ठेवावा. प्रत्येक स्लाइडला ठळक क्रमांक असला, की परीक्षक ‘पाचवी पुन्हा दाखवा’ म्हणताच आकडा टाकून एंटर दाबला तरी ती उघडते.