‘ती गेली’ आणि ‘तिने खाल्लं’: इटालियनमधली एक निवड

‘शी हॅज इटन’ आणि ‘शी हॅज गॉन’. इंग्रजीला या दोन्ही वाक्यांत एकच साहाय्यक क्रियापद पुरतं. इटालियनमध्ये मात्र पहिलं वाक्य ‘आ मान्जातो’ होतं आणि दुसरं ‘ए आन्दाता’. पहिल्यात ‘आवेरे’ हे क्रियापद आहे, म्हणजे जवळ असणे. दुसऱ्यात ‘एस्सेरे’, म्हणजे नुसतं असणे. इंग्रजी मजकूर समोर ठेवून इटालियन लिहिणाऱ्याला यातलं कोणतं घ्यायचं ते दर वेळी ठरवावं लागतं, आणि इंग्रजी मजकूर त्यासाठी कसलीच खूण देत नाही. बरं, ही निवड फक्त ‘हॅव’ दिसलं की करायची असंही नाही. बोलीभाषेत, विशेषतः उत्तर इटलीत, ‘ती काल गेली’ हा साधा भूतकाळसुद्धा याच संयुक्त रूपात सांगतात. त्याला ‘पासातो प्रोस्सिमो’ म्हणतात. म्हणजे पानभर मजकुरात हा प्रश्न दर दोन-तीन वाक्यांनी पुढे येतो.

मराठी माणसाला इथे एक सोय आहे, आणि इटालियन शिकणारे आपल्याकडचे लोक ती फारशी वापरत नाहीत याचं मला वाईट वाटतं. ते इंग्रजीतून थेट इटालियनकडे उडी मारतात. वाटेत क्षणभर मराठीत थांबलं तर निम्मं काम तिथेच होतं.

‘तो गेला, ती गेली, ते गेले, त्या गेल्या.’ इटालियनमध्ये याच क्रमाने ‘आन्दातो, आन्दाता, आन्दाती, आन्दाते’. एस्सेरे आलं की धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, अगदी आपल्या कर्तरी प्रयोगासारखं. आवेरे आलं की ते कर्त्याकडे बघत नाही. ‘तिने खाल्लं’, ‘त्याने खाल्लं’, दोन्हीकडे ‘आ मान्जातो’. आणि कर्म ‘लो’ किंवा ‘ला’ या सर्वनामाच्या रूपाने क्रियापदाच्या आधी आलं, तर धातुसाधित त्या कर्माप्रमाणे फिरतं: ‘लो मान्जातो’ म्हणजे मी तो खाल्ला, ‘लो मान्जाता’ म्हणजे मी ती खाल्ली. आपला कर्मणी प्रयोग याहून वेगळं काय करतो?

तेव्हा पहिली चाचणी सोपी आहे. वाक्य मराठीत तृतीय पुरुषात म्हणून बघायचं. कर्त्याला ‘ने’ लागला (तिने लिहिलं, त्याने विकत घेतलं, त्यांनी पाहिलं) तर इटालियनमध्ये जवळजवळ नेहमी आवेरे. याला मोठा अपवाद एकच, स्वतःवर होणाऱ्या क्रियांचा. ‘तिने अंघोळ केली’ हे इटालियनमध्ये ‘तिने स्वतःला धुतलं’ अशा रचनेने येतं, आणि अशा आत्मवाचक क्रियापदांना कायम एस्सेरे लागतं: ‘सी ए लावाता’.

उलट दिशेने मात्र ही चाचणी चालत नाही. ‘ने’ नाही म्हणून एस्सेरे असं समजलं की फसगत होते. ‘ती झोपली’, ‘ती हसली’, ‘ती बोलली’, ‘ती नाचली’ यांत कुठेच ‘ने’ नाही, तरी इटालियन चारही ठिकाणी आवेरे घेतं. ‘ती पाणी प्यायली’ आणि ‘ती धडा शिकली’ इथे तर कर्म असूनही मराठी ‘ने’ लावत नाही. इटालियन आवेरेच लावतं. अकर्मक क्रियापदांची ही फाळणी भाषाशास्त्रज्ञांनाही बराच काळ खुणावत होती. डेव्हिड पर्लमटर यांनी 1978 मध्ये असं मांडलं की काही अकर्मक क्रियापदांचा कर्ता खरं तर कर्मासारखा असतो; त्याच्या हातून काही घडत नाही, त्याचंच काहीतरी होतं. लुईजी बुर्त्सिओ यांच्या 1986 च्या पुस्तकात हीच कल्पना इटालियनच्या संदर्भात तपशिलाने येते. येणं, जाणं, पडणं, जन्मणं, मरणं, होणं यांत कर्त्याची जागा किंवा अवस्था बदलते, म्हणून एस्सेरे. हसणं, झोपणं, फोन करणं यांत कर्ता काहीतरी करत राहतो, पण शेवटी तो होता तिथेच असतो, म्हणून आवेरे.

पाठ्यपुस्तकं हे ‘गतिवाचक क्रियापदांना एस्सेरे’ अशा एका वाक्यात उरकतात, आणि तिथूनच चुका सुरू होतात. ‘काम्मिनारे’ (चालणे), ‘व्याज्जारे’ (प्रवास करणे), ‘नुओतारे’ (पोहणे) या सगळ्यांत गती आहे, तरी तिन्ही आवेरे घेतात. याउलट ‘कोस्तारे’ (किंमत पडणे) किंवा ‘दुरारे’ (टिकणे) यांत कसलीच हालचाल नाही, आणि त्यांना एस्सेरे लागतं. ‘प्याचेरे’चंही तेच. इंग्रजीतला ‘आय लाइक्ड’ इथे सरळ आवेरेकडे ओढतो, पण मराठीतला ‘मला’ वाट दाखवतो. ‘मला सिनेमा आवडला, मला गोष्ट आवडली’ यात आवडणारी वस्तूच कर्ता आहे. इटालियनमध्येही तसंच: ‘मी ए प्याचूतो’, ‘मी ए प्याचूता’. शेवटचा स्वर गोष्टीप्रमाणे बदलतो, सांगणाऱ्याप्रमाणे नाही.

काही क्रियापदं दोन्हीकडे जातात, आणि तिथे अर्थच बदलतो. ‘फिनीरे’ घ्या. ‘सिनेमा संपला’ तर एस्सेरे, ‘मी पुस्तक संपवलं’ तर आवेरे. मराठी इथे क्रियापदाचं रूपच बदलते, म्हणून चूक होणं कठीण. ‘कोर्रेरे’ म्हणजे धावणे. ‘ती सकाळभर धावली’ हे ‘आ कोर्सो’, पण ‘ती धावत घरी गेली’ हे ‘ए कोर्सा आ कासा’. मराठीला जिथे ‘गेली’ जोडावंसं वाटतं, तिथे इटालियनने एस्सेरे घेतलेलं आहे. मात्र ही सवलत सगळ्यांना नाही. चालत घरी गेलं तरी ‘काम्मिनारे’ आवेरेच धरून राहतं. अन्तोनेल्ला सोराचे यांनी 2000 साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकातल्या लेखात दाखवलं की ही फाळणी म्हणजे एक उतरण आहे: एका टोकाला जागा बदलणारी क्रियापदं, जिथे एस्सेरेबद्दल कुणाला शंका नसते, दुसऱ्या टोकाला कर्त्याच्या इच्छेने चालणारी कामं, जिथे आवेरे पक्कं, आणि मधल्या क्रियापदांबाबत इटालियन लोकांचंच मत डळमळतं. पाऊस पडला हे तर ‘आ प्योवूतो’ आणि ‘ए प्योवूतो’ दोन्ही चालतं. शंका आली तर ‘त्सिंगारेल्ली’सारखा एकभाषिक इटालियन कोश उघडावा. अकर्मक क्रियापदाच्या नोंदीत त्याचं साहाय्यक क्रियापद दिलेलं असतं.

खरी कसोटी लागते ती ‘दोवेरे’, ‘पोतेरे’, ‘वोलेरे’ या तिघांपाशी, म्हणजे लागणे, शकणे आणि इच्छिणे यांपाशी. जुना नियम असा की त्यांनी स्वतःची आवड ठेवायची नाही. मागून येणाऱ्या क्रियापदाला जे साहाय्यक लागतं तेच घ्यायचं. म्हणून ‘तिला खावं लागलं’ हे ‘आ दोवुतो मान्जारे’, आणि ‘तिला निघावं लागलं’ हे ‘ए दोवुता पार्तीरे’. आजच्या वापरात दुसऱ्या वाक्यात ‘आ दोवुतो पार्तीरे’ही सर्रास चालतं आणि सक्तीवर जोर द्यायचा असेल तर चांगलंही वाटतं. कोणतंही घ्या, पण घेतलेलं शेवटपर्यंत निभवा. एस्सेरे घेतलं की ‘दोवुता’, आवेरे घेतलं की ‘दोवुतो’. ‘आ दोवुता पार्तीरे’ असं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं रूप शिकणाऱ्यांच्या लिखाणात दिसतं, आणि ते चूकच. तपासताना फक्त शेवटचा स्वर आणि त्याआधीचं साहाय्यक यांची जोडी बघत गेलं तरी अशा चुका सापडतात.

आत्मवाचक क्रियापदांबाबत सर्वनाम कुठे बसलं आहे ते बघायचं. एखादी बाई ‘मला उठावं लागलं’ म्हणते तेव्हा ते पुढे आलं तर ‘मी सोनो दोवुता आल्त्सारे’, क्रियापदाला मागून चिकटलं तर ‘ओ दोवुतो आल्त्सार्मी’. आणि एक गंमत म्हणजे खुद्द ‘एस्सेरे’ हे क्रियापद मागे आलं की नियम उलटतो. ‘तिला धीर धरावा लागला’ हे ‘आ दोवुतो एस्सेरे पात्स्येन्ते’. एस्सेरेला स्वतःला एस्सेरे लागतं, तरी इथे आवेरेच.

पण इंग्रजीतून येणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण साहाय्यक निवडण्याच्याही आधी आहे. ‘शी हॅड टू लीव्ह’, ‘शी मस्ट हॅव लेफ्ट’, ‘शी शुड हॅव लेफ्ट’. तिन्ही वाक्यांत ‘हॅव’ची छाया आहे आणि घाईत ती एकसारखी वाटतात. मराठीत म्हणा: तिला निघावं लागलं, ती निघाली असणार, तिने निघायला हवं होतं. आता गोंधळ उरत नाही. पहिलं ‘ए दोवुता पार्तीरे’, इथे सक्तीच भूतकाळात आहे. दुसरं ‘देवे एस्सेरे पार्तीता’, इथे तर्क आजचा आहे आणि निघणं मागचं, म्हणून दोवेरे वर्तमानकाळात राहतं आणि एस्सेरे मागच्या क्रियापदाला लागतं. या दुसऱ्या वाक्यात आवेरेचा पर्यायही नाही. तिसरं ‘सारेब्बे दोवुता पार्तीरे’, किंवा ‘आव्रेब्बे दोवुतो पार्तीरे’. इंग्रजी ‘हॅव’ला ‘लेफ्ट’शेजारी बसवते, तर इटालियन तिसऱ्या वाक्यात भूतकाळाचा सगळा भार दोवेरेवर टाकते.

एक लहान परिच्छेद घेऊन बघू. मारिया सकाळभर धावली होती. पाऊस आला तशी ती धावत घरी गेली. तिला कपडे बदलावे लागले. तिला निघायचं होतं, पण जमलं नाही. भाऊ तोवर निघून गेला असणार. त्याने फोन करायला हवा होता. इटालियनमध्ये पहिल्या वाक्याला ‘आवेवा कोर्सो’, दुसऱ्याला ‘ए कोर्सा’. कपडे बदलणं आत्मवाचक, म्हणून ‘सी ए दोवुता काम्ब्यारे’. ‘जमलं नाही’ इथे पोतेरे एकटं उभं आहे, मागे क्रियापद नाही; अशा वेळी साधारणपणे आवेरे, ‘नोन आ पोतुतो’. भावाचा तर्क गोष्टीच्या भूतकाळात बसवायचा म्हणून ‘दोवेवा एस्सेरे पार्तीतो’. आणि फोन करणाऱ्याची जागा काही बदलत नाही, त्यामुळे शेवटच्या वाक्यात एस्सेरेचा प्रश्नच येत नाही: ‘आव्रेब्बे दोवुतो तेलेफोनारे’.