शेजारच्या पदांची वर्गमुळे

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (शके १०७२) श्रेढीव्यवहार नावाचे एक प्रकरण आहे. त्यातील श्रेढीचा ‘गच्छ’, म्हणजे पदांची संख्या, मोजकी असते. पदे अनंत असली म्हणजे निराळाच प्रश्न उभा राहतो : बेरीज एका ठराविक संख्येच्या जवळ जाऊन स्थिरावेल, की अमर्याद वाढत जाईल? पहिल्या श्रेढीस अभिसारी म्हणतात, दुसरीस अपसारी.

१ + १/४ + १/९ + १/१६ + … ही श्रेढी घेऊ. ही अभिसारी असून तिची बेरीज सुमारे १·६४५ आहे. आता प्रत्येक पदाचे वर्गमूळ काढा. १ + १/२ + १/३ + १/४ + … ही नवी श्रेढी मात्र अपसारी आहे! एकाहून लहान संख्येचे वर्गमूळ मूळ संख्येपेक्षा मोठे असते. १/१०० चे वर्गमूळ १/१०. तेव्हा वर्गमुळांविषयी धास्ती बाळगणे रास्तच होय.

पण एकट्या पदाऐवजी शेजारच्या दोन पदांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतले तर? येथे दोन मध्यांचा संबंध उपयोगी पडतो. क आणि ख या धन संख्या असल्यास (√क − √ख)² ही राशी ऋण असूच शकत नाही. ती विस्तारून मांडली की √(कख) ≤ (क + ख)/२ असे मिळते. म्हणजे भूमितीय मध्य अंकगणितीय मध्यापेक्षा कधीही मोठा नसतो.

पहिल्या दोन पदांचे वर्गमूळ १/२, तर त्यांचा अंकगणितीय मध्य ५/८. पुढील जोडीत १/६ आणि १३/७२. असे सर्व अंकगणितीय मध्य मिळवीत गेल्यास पहिले पद एकदाच, तेही अर्धे येते. मधले प्रत्येक पद दोन जोड्यांत अर्धे-अर्धे, म्हणून पूर्ण येते. सर्व मध्यांची बेरीज १·६४५ − ०·५, म्हणजे १·१४५ होते. वर्गमुळांची बेरीज पदागणिक वाढते, पण ही मर्यादा ओलांडीत नाही. म्हणून ती स्थिरावलीच पाहिजे. येथे ती नेमकी काढताही येते : १/२ + १/६ + १/१२ + … = (१ − १/२) + (१/२ − १/३) + … = १.

हीच युक्ती धन पदांच्या कोणत्याही अभिसारी श्रेढीस लागू पडते. पदे उतरत्या क्रमाने असण्याचीही गरज नाही.

उलट विधान मात्र खरे नाही, आणि विद्यार्थी फसतो तो येथेच. १, १/४, १, १/१६, १, १/६४, … ही पदे पाहा. वर्गमुळे १/२, १/२, १/४, १/४, १/८, १/८, … अशी येतात व त्यांची बेरीज २ भरते. मूळ श्रेढीत मात्र १ पुनःपुन्हा येत असल्याने ती अपसारी आहे. पदे कधीच वाढत नसतील, तर प्रत्येक वर्गमूळ जोडीतील धाकट्या पदाहून लहान असत नाही. आणि तेवढ्याच अटीवर उलट विधानही खरे ठरते.